पाय नसलेल्या छत्र्या

टोपलीत सव्वीस छत्र्या होत्या. एकोणीस उघडलेल्या, सात अजून मिटलेल्या. खाली-वर पळसाची पानं घातलेली होती, त्यामुळे वाटेत एकही चुरगळली नव्हती. सगळ्यांचा रंग पांढरट, मधोमध तपकिरी ठिपका. सर्वांत मोठी माझ्या पंजापेक्षा दोन बोटं रुंद होती. पाय मात्र एकीलाही नव्हता. सव्वीसच्या सव्वीस देठ पोटाशी सुरीनं साफ कापलेले होते.

टोपलीशेजारी पाटावर काचेच्या चौकटीतला एक फोटो ठेवलेला होता. त्यात एक पितळी थाळी, थाळी धरलेलं एक पोरगं आणि थाळीत अकरा छत्र्या. पाय त्यांनाही नव्हते.

आमच्याकडे रानातल्या अळंबीला छत्रीच म्हणतात. माझी धाकटी बहीण द्वारका सातव्या महिन्यात होती, पहिलटकरीण, म्हणून डोंगरकड्याला आमच्या घरी आलेली. पंधरा दिवसांपूर्वी तिनं कुरुंद्याला सासरी निरोप पाठवला होता, की तोंडाला कशाचीच चव नाही, मागच्या वर्षी तुमच्याकडे खाल्लेल्या छत्र्यांची भाजी तेवढी खावीशी वाटते. तिचं डोहाळजेवण आज होतं. तिची सासू धुरपताबाई आणि नवरा उकंडराव पहाटेच गाडी जुंपून निघाले होते आणि नऊ-साडेनऊला आमच्या दारात उतरले होते. टोपली उकंडरावांनी स्वतः मांडीवर धरून आणली होती. फोटो धुरपताबाईंनी.

"घ्या विहीणबाई," धुरपताबाई माझ्या आईला म्हणाल्या. "सुनेचे डव्हाळे सासरनं पुरवले म्हणून सांगा गल्लीत. न् तुमी म्हणाल, रानातली चीज हाय, पोटुशीला कशी द्यावी. म्हणून हा फोटो बी आणला. ह्या छत्र्या मागल्या साली चाळीस माणसांनी खाल्ल्या. एकाला साधी ढेकर आली न्हाई."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या उन्हाळ्यात हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलो होतो, वनस्पतिशास्त्र घेऊन. पाल्यापाचोळ्याचं काहीही घरात आलं की ते माझ्यासमोर धरलं जाई. आईला वाटलं, मी एक नजर टाकीन, व्हय म्हणीन, आणि ती चूल पेटवील.

मी टोपलीतल्या छत्र्या एकेक उचलून पाटावर मांडल्या. उलट्या करून पाहिल्या. पोटातल्या पाकळ्या सगळ्यांच्याच पांढऱ्या, एखाददुसरीच्या जरा पिवळसर. वास घेतला. पुन्हा मोजल्या.

"त्र्यंबकराव," धुरपताबाई म्हणाल्या, "चार वर्षं हैदराबादेत छत्र्या मोजायचंच शिकले काय? सव्वीस हायेत. म्या मोजूनच आणल्या."

"मावशी, ह्या खायच्या का नाही ते मला सांगता येत नाही."

"काहून?"

"ह्यांना पाय नाहीत."

उकंडराव हसले. "दाजीची थट्टा करून राहिले काय? पाय मी कापले. रातीच कापले, धुतले, पुसले. माती लागलेली चीज आणू काय सासरवाडीला, डव्हाळजेवणाला?"

ते बोलताना त्यांच्या नखांत अजून माती दिसत होती. गोष्ट अशी होती: आदल्या दिवशी दुपारी ते स्वतः रानात गेले होते. दरसाल कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची जिवनबाई त्यांच्या घरी छत्र्या आणून देई. यंदा जिवनबाई लेकीच्या बाळंतपणाला औंढ्याकडे गेलेली. मग उकंडरावांनी भिंतीवरचा फोटो काढला, उपरण्यात गुंडाळला, आणि फोटो हातात धरून एकेक छत्री ताडून पाहत संध्याकाळपर्यंत फिरले. वारुळापाशी काही मिळाल्या, काही खालच्या गायरानात गवतात. जी जुळली तीच घेतली. न जुळणाऱ्या, ते म्हणाले, पन्नासेक तरी सोडून दिल्या.

"पाय कापले ते बी फोटोसारखे," ते म्हणाले. "बराबर तसेच दिसले पाहिजेत म्हणून."

त्यांच्या बोलण्यात इतकी सरळ माया होती की पुढचं बोलायला मला जड गेलं.

"दाजी, हा फोटो खोटा नाही," मी म्हणालो. "पण ज्या छत्र्यांचा हा फोटो आहे, त्या मागच्याच वर्षी पोटात गेल्या. ह्या दुसऱ्या आहेत. फोटो त्यांच्याबद्दल खरं बोलतो, ह्यांच्याबद्दल तो काहीच बोलत नाही."

"तोंड सारखंच हाय की!"

"तोंडावरून जमलं असतं तर बरं होतं. वारुळाची छत्री आणि गवतातली विषारी छत्री वरून जुळ्या बहिणी असतात. पांढरी टोपी, मधे तपकिरी. पावसानं विषारीवरचे खवले धुऊन गेले की तर बघायलाच नको. त्यांचा फरक असतो पायात. वारुळाच्या छत्रीचा पाय जमिनीखाली मुळासारखा लांबत जातो, खाली वाळवीच्या घरापर्यंत. गवतातलीला तसं मूळ नसतं. तिचा पाय खाली गड्ड्यासारखा फुगतो आणि वर देठाला बांगडीसारखं कडं असतं. मूळ, गड्डा, कडं, तिन्ही पायाला. आणि पाय तुम्ही कापले."

उकंडरावांनी कापलेल्या देठाकडे असं पाहिलं, जणू तो आता परत उगवेल.

धुरपताबाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. "आता बगा. नुसता काळापांढरा फोटो न्हाई. रंगाचा हाय."

रंगाचा होता खरा. वसमतच्या कुठल्याशा लग्नाला आलेला फोटोवाला कुरुंद्यावरून परतताना त्यांच्याकडे उतरला होता. महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, त्याच्याकडे फोटो उतरवायची एकच काच शिल्लक होती, आणि त्या काचेवर धुरपताबाईंनी थोरल्या लेकीकडच्या नातवाच्या हातात छत्र्यांची थाळी देऊन फोटो काढून घेतला. महिन्यानं तो फोटो त्यानं हातानं रंगवून पाठवला. नातवाचे गाल गुलाबी होते, टोपी हिरवी होती. छत्र्याही गुलाबी होत्या, अगदी गालांच्याच रंगाच्या.

"मावशी, मागच्या साली छत्र्या गुलाबी होत्या का?"

"न्हाई बा. पांढऱ्याच होत्या."

"मग?"

"त्याच्या ब्रशाला तोच रंग लागला आसंल," आई पहिल्यांदाच बोलली, आणि ओसरीवर बसलेली द्वारका तोंडावर पदर घेऊन हसली.

धुरपताबाईंनी सुनेकडे पाहिलं, हसू थांबलं. पण मला वाटतं तेव्हाच घरातला ताण थोडा सैल झाला. सुटला मात्र नाही. विहिणीनं पोटुशीसाठी आणलेली वस्तू माघारी करणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. गल्लीतल्या बायका दुपारी येणार होत्या. 'सासरची भाजी शिजवलीच नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी गेलं की ते कुरुंद्याला त्यांच्या बैलगाडीच्या आधी पोहोचलं असतं. आणि पुढं द्वारकाला त्याच घरी नांदायचं होतं. आईच्या चेहऱ्यावर हे सगळं मला दिसत होतं. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. त्या गवतातल्या छत्रीनं माणूस सहसा मरत नाही, पण तासा-दोन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, ते दिवसभर थांबत नाहीत, आणि अंगातलं पाणी निघून जातं. सातव्या महिन्यातल्या बाईचं. दवाखाना कळमनुरीला, वाटेत दोन ओढे, दोन्ही भरलेले. शिवाय सव्वीसांत तीच एक जात असेल, ह्याहून वाईट एखादी नसेल, हेही मला सांगता येत नव्हतं.

"चांदी टाकून बघा की," धुरपताबाई म्हणाल्या. "भाजीत चांदीचं जोडवं टाकायचं. इख आसलं तर काळं पडतं."

"नाही पडत, मावशी. चांदी गंधकानं काळी पडते. चांगल्या छत्रीतसुद्धा पडू शकते, आणि विषारीत पडतेच असं नाही. ह्या विषाला चांदी ओळखू येत नाही."

"किडे पडले व्हते एकीला. किडा खातो म्हंजी माणसाला चालतं."

"किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं."

"म्हंजी तुमच्या शास्त्रात सगळं 'न्हाई'च हाय," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मग आसं करू. एक शिजवा. मी खातो. जेवणं बाराला हायेत. तवर मला काही झालं न्हाई, तर द्वारकानं खावं. झालं तर झालं."

ते उठलेसुद्धा. त्यांनी पाटावरची एक छत्री उचलली.

"दाजी, बारापर्यंत काही झालं नाही म्हणून काहीच ठरत नाही," मी म्हणालो. "काही छत्र्यांचं विष सहा तासांनी, दहा तासांनी, दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर माणूस चांगला चालता-बोलता असतो. तुम्ही बाराला हसत बसलेले असाल, ती जेवेल, आणि रात्री दोघं पडाल."

उकंडराव थांबले, पण छत्री हातातून खाली ठेवली नाही. मान द्यायला आलेल्या माणसाची मान खाली गेली होती आणि ती वर कशी करावी हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. शास्त्राच्या पुस्तकात ते नसतं.

द्वारका उठली. सातव्या महिन्यातली बाई उठते तशी, एक हात भिंतीला. तिनं नवऱ्याच्या हातातली छत्री काढून घेतली आणि पाटावर ठेवली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही म्हणून ती सासूशी बोलली.

"आत्याबाई, डव्हाळे कोणाला लागले?"

"तुला लागले, बाई."

"मग मी थांबते. आज न्हाई तर उद्या खाईन. उद्या न्हाई तर पुढल्या साली लेकराला घेऊन खाईन. पर कोणी माझ्यापाई आधी खाऊन दाखवायचं न्हाई. मला ते बघून भाजी उतरणार हाय का?"

धुरपताबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. मग म्हणाल्या, "बोलती तर बराबर." आणि लेकाकडे वळून, "बस रे उकंडा. लई मर्द झाला."

मी ती संधी घेतली. म्हणालो, "मावशी, दिवेलागणीपर्यंत मला द्या. एक गोष्ट मला बघता येईल, जी फोटोला बघता येत नाही."

"कोणती?"

"ह्यांची बुकणी."

मग मला ते करूनच दाखवावं लागलं. उघडलेल्या छत्रीच्या पोटातल्या पाकळ्यांमधून पिठासारखी बारीक बुकणी गळत असते, तिचं बी म्हणा. एकेक कण डोळ्याला दिसत नाही. पण छत्री पोटावर, कागदावर ठेवली, वर वाटी पालथी घातली, वारा लागू दिला नाही, तर पाच-सहा तासांत कागदावर बुकणी साचते आणि पाकळ्यांचा ठसा उमटतो. पाकळ्या वरून पांढऱ्या दिसल्या तरी बुकणीला स्वतःचा रंग असतो. वारुळाच्या छत्रीची बुकणी फिकट गुलाबी. गवतातल्या विषारीची हिरवट. ताज्या छत्रीच्या पाकळ्यांवर तो हिरवेपणा बहुतेकदा दिसत नाही, फार उशिरा दिसतो.

"गुलाबी?" धुरपताबाईंनी फोटो वर उचलला. "म्हंजी फोटोवाल्यानं बराबर रंग भरला!"

"चुकून," मी म्हणालो.

"चुकून का व्हईना."

माझ्याकडे चित्रकलेचा जाड पांढरा कागद होता. फिकट बुकणी पांढऱ्यावर दिसत नाही म्हणून कागदाचे तुकडे करून प्रत्येकाच्या अर्ध्या भागाला मी काजळी फासली, म्हणजे निम्मा ठसा काळ्यावर, निम्मा पांढऱ्यावर. घरात सहा मोठ्या वाट्या सापडल्या, त्यामुळे सहा छत्र्या. पाच मी निवडल्या, वेगवेगळ्या आकाराच्या. सहावी धुरपताबाईंनी. त्यांनी फोटो एका हातात धरला आणि उरलेल्या चौदा उघड्या छत्र्यांवरून बोट फिरवत गेल्या.

"ही," त्या म्हणाल्या. "फोटोत नातवाच्या अंगठ्यापाशी हाय ना, तीच. कडेला कसा कपचा उडाला बगा. हितं बी उडालाय. मधला ठिपका बी तेवढाच. तंतोतंत. ही गुलाबी निघंल. न निघाली तर मी फोटो फोडीन."

"काच फोडू नका आत्याबाई, लेकराला लागंल," द्वारका म्हणाली.

मी वाट्यांवर खडूनं आकडे घातले. धुरपताबाईंची सहा नंबर. वाट्या देवघराशेजारच्या कोनाड्यात मांडल्या आणि आईनं कोनाड्याला पडदा लावला. उरलेल्या वीस टोपलीत घालून टोपली मी शिंक्यावर टांगली.

डोहाळजेवण झालं. पुरणाच्या पोळ्या होत्या, येळवण्याची आमटी होती, द्वारकाला हिरवी साडी नेसवून फुलांची वाडी भरली. गल्लीतल्या कोणीतरी विचारलंच, "सासरनं काय आलं?" आई उत्तर शोधायच्या आत धुरपताबाई म्हणाल्या, "आलंय. कोनाड्यात निजवलंय. सांजंपर्यंत उठायचं न्हाई." बायकांना वाटलं काही तरी विधी आहे. दोघी जणी कोनाड्याला नमस्कार करून गेल्या.

दुपारी ओसरीवर मी धुरपताबाईंना विचारलं, "जिवनबाई कशी आणते छत्र्या?"

"कशी म्हंजी? मुळासकट. हातभर मूळ, त्याला ही माती. पदर घाण करती, अंगण घाण करती. मी दरसाल म्हणते, बाई, रानातच कापून आण. ती म्हणती, पाय दिसल्याबिगर मी कोणाला छत्री देत न्हाई न् कोणाची घेत न्हाई. अंगणात बसून एकेक बघती, मग स्वतः कापती. मग मी धुऊन थाळीत..."

त्या थांबल्या.

"फोटो त्याच्या बी मागून काढला," त्या हळू म्हणाल्या. "पाय घातले उकिरड्यावर, मग फोटो काढला."

उकंडराव खांबाला टेकून बसले होते. "मला तर कोणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "मला फोटो दिला."

"मीच दिला," धुरपताबाई म्हणाल्या.

खरं तर मला बोलायचं होतं. पूर्ण पायासकट, मुळासकट, रंगासकट फोटो काढला असता तरी माझं उत्तर 'नाही'च राहिलं असतं. फोटो एका बाजूनं दिसणारं दाखवतो. छत्री हातात घेऊन चारी बाजूंनी पाहावी लागते, वास घ्यावा लागतो, कुठून उपटली ते पाहावं लागतं, बुकणी पाहावी लागते, आणि एवढं करून त्या एका छत्रीबद्दल काही ठरतं. टोपलीतल्या दुसरीबद्दल पुन्हा पहिल्यापासून. पण दोन माणसं आपल्याच तोंडानं आपली चूक सांगत असताना त्यावर व्याख्यान देऊ नये, एवढं मला बी.एस्सी. असूनही कळत होतं.

दिवेलागणीला आईनं पडदा सारला. सगळे कोनाड्यापाशी जमले. मी कागद एकेक करून कंदिलाजवळ आणले.

पहिली वाटी. छत्री अलगद उचलली. काजळीवर पाकळ्यांचा बारीक रेषांचा ठसा होता, चाकाच्या आऱ्यांसारखा, आणि त्याचा रंग फिकट गुलाबी. धुरपताबाईंनी श्वास सोडला. "बगा!"

दुसरी, गुलाबी. तिसरी, गुलाबी. उकंडराव आता सरळ उभे होते. चौथीखाली ठसा फारच फिकट होता, मी बोट लावून पाहिलं, तोही गुलाबीकडेच जाणारा. पाचवी उचलली.

पांढऱ्या अर्ध्यावर ठसा स्वच्छ दिसत होता. वाळलेल्या शेवाळाचा रंग.

सहावी वाटी धुरपताबाईंनी स्वतः उचलली. छत्रीही त्यांनीच उचलली, कडेचा उडालेला कपचा धरून. खाली हिरवं होतं. पाचवीपेक्षा गडद, काठापासून मध्यापर्यंत, एकही रेष न तुटलेली.

त्यांनी छत्री कागदावर परत ठेवली. मग त्यांनी द्वारकाच्या पोटावर हात ठेवला. नुसता ठेवला. नंतर त्या मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हिच्यायला," त्या म्हणाल्या, "तंतोतंत म्हणे!"

आईही हसू लागली. द्वारका हसत हसत म्हणाली, "आत्याबाई, काच फोडायची न्हाई हं." उकंडरावांना हसावं का नाही ते कळेना. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्र्यंबकराव, मग त्या चार गुलाबीवाल्या तरी शिजवता येतील?"

"नाही, दाजी. हिरवा ठसा 'खाऊ नको' सांगतो. गुलाबी ठसा 'खा' असं सांगत नाही. गुलाबी बुकणीची दुसरी विषारी छत्रीही असते, आणि ह्या चारींना पाय नाहीत. शिवाय एका टोपलीत रात्रभर सगळ्यांची बुकणी सगळ्यांवर पडली."

त्यांनी मान हलवली. "बराबर." मग स्वतःच शिंक्यावरची टोपली काढली. मी सांगितलं, गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. परसात त्यांनी गुडघाभर खड्डा खणला, सव्वीसही त्यात टाकल्या, वरून माती दाबली आणि त्यावर दगड ठेवला. हात धुऊन आले तेव्हा त्यांची मान पुन्हा वर होती. सासरवाडीत त्यांनी काहीतरी काम पूर्ण केलं होतं. रात्री त्यांनी पोळ्या खाल्ल्या त्या मी मोजल्या नाहीत.

सकाळी निघताना धुरपताबाईंनी फोटो गाठोड्यात बांधला.

"परत भिंतीवर लावणार?" आईनं विचारलं.

"लावणार की. पर आता तो छत्र्यांचा फोटो न्हाई. माझ्या नातवाचा हाय. लेकरू चांगलं आलंय त्यात."

दहा-बारा दिवसांनी, पाऊस दोन दिवस लागून उघडला तेव्हा, कुरुंद्याची गाडी पुन्हा दारात आली. ह्या वेळी उकंडरावांबरोबर एक बाई होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्याला आरसे, कडेवर मातीनं भरलेली पाटी. जिवनबाई औंढ्याहून परतली होती. पाटीत छत्र्या होत्या, आणि मातीच जास्त होती. अंगणात बसून तिनं त्या रांगेनं मांडल्या. सगळ्यांना पाय होते.

"ह्याच्याकडनं गाडीत सगळं ऐकलं," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "ह्यानं फोटो बी दाखवला. मला म्हणतो, मागल्या सालच्या तुझ्याच छत्र्या, वळखते का? मी म्हणलं, माझ्या आसतील, न्हाई तर नसतील. मला काय ठावं? पाय कुठं हाय?"

"फोटोतल्या तुझ्याच होत्या," उकंडराव म्हणाले.

"तुझा फोटो सांगून राहिला. मी सांगत न्हाई."

पाटीतल्या छत्र्या तिनं त्याच पहाटे एका वारुळातून, स्वतःच्या हातानं खणून काढल्या होत्या. ते वारूळ ती लहान असल्यापासून तिच्या आईचं होतं. तिनं एकेकीचा पाय माझ्यासमोर उलगडून दाखवला, कुठं तुटला, कुठं वाळवीच्या भुसभुशीत घराचा तुकडा चिकटून आला. दोन छत्र्या तिनं बाजूला टाकल्या, त्यांचं मूळ वरच तुटलं होतं. मी विचारलं, त्याही त्याच वारुळातल्या ना? ती म्हणाली, "व्हय. पर दिसत न्हाई ना." मी आणखी तीन बाजूला घेतल्या, दोन वाट्यांखाली घालायला आणि एक माझ्यासाठी. दुपारी दोन्ही ठसे गुलाबी आले. मग जिवनबाईनं स्वतः पाय कापले, आईनं भाजी चांगली रटरटून शिजवली. पहिल्यांदाच एवढी भाजी नको म्हणून द्वारकानं वाटीभरच खाल्ली, आणि नंतर वाटी बोटानं पुसून घेतली.

संध्याकाळी ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच बसली होती.

माझ्यासाठी ठेवलेल्या छत्रीची माती मी पाण्यानं हळूहळू सोडवली आणि ती लाकडी पट्टीशेजारी ताणून ठेवली. टोपीपासून जमिनीच्या रेघेपर्यंत देठ पाच इंच. जमिनीखालचं मूळ सतरा इंच.